सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि संपावरील कायदेशीर निर्बंध

भारतात केंद्र व राज्य शासनाच्या सेवेतील कर्मचाऱ्यांना संघटना स्थापन करण्याचा मूलभूत अधिकार आहे. संप करण्याचा मात्र नाही. या दोहोंच्या मध्ये निदर्शनांचा अधिकार येतो. तो शासकीय सेवेतही शाबूत राहतो, पण सुव्यवस्थेच्या मर्यादेत. संघटना, निदर्शने आणि संप या तीन गोष्टी सर्वसामान्य बोलण्यात एकाच आंदोलनाच्या तीन पायऱ्या मानल्या जातात. कायद्याच्या दृष्टीने त्या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यामधील सीमारेषा मुख्यतः १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या दोन निर्णयांनी आखली गेली. त्यांपैकी दुसरा निर्णय मुंबईतील एका लेखा कर्मचाऱ्याच्या प्रकरणातून आला.

प्रत्यक्षात मनाई असूनही सरकारी कर्मचाऱ्यांचे संप होत आले आहेत. महाराष्ट्रात १९७७-७८ साली राज्य कर्मचाऱ्यांचा संप ५४ दिवस चालला, आणि २०२३ च्या मार्च महिन्यात जुन्या निवृत्तिवेतन योजनेसाठी लाखो कर्मचारी आठवडाभर कामापासून दूर राहिले. बंदी आणि प्रत्यक्ष व्यवहार यांतील हे अंतर समजून घेण्यासाठी नियम नेमके काय सांगतात, ते मोडल्यास काय होते आणि ते कोणाला लागू नाहीत, हे तिन्ही प्रश्न वेगवेगळे पाहावे लागतात.

घटनात्मक पाया

राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(क) अन्वये भाषणाचे व अभिव्यक्तीचे, (ख) अन्वये शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचे आणि (ग) अन्वये अधिसंघ वा संघ बनवण्याचे स्वातंत्र्य सर्व नागरिकांना आहे. शासकीय सेवेत प्रवेश केल्याने नागरिकत्व संपत नाही, म्हणून ही स्वातंत्र्येही संपत नाहीत. त्यांवर घालावयाची बंधने 'वाजवी' असली पाहिजेत आणि घटनेत नमूद केलेल्या कारणांपैकी एखाद्या कारणासाठीच असली पाहिजेत. संघ बनवण्याच्या स्वातंत्र्यापुरती ही कारणे देशाची सार्वभौमता व एकात्मता, सार्वजनिक सुव्यवस्था आणि नीतिमत्ता एवढीच आहेत. कार्यालयाची कार्यक्षमता किंवा वरिष्ठांची सोय हे कारण त्या यादीत नाही, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात महत्त्वाची ठरते.

सेवेच्या अटी ठरवण्याचा अधिकार अनुच्छेद ३०९ ने शासनाला दिला आहे. वर्तणूक नियम याच अधिकारातून येतात. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १९६४ चे केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, तर महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम लागू आहेत. संपावरील मनाई प्रथमतः या नियमांत आहे. ती फौजदारी स्वरूपाची नसून शिस्तीच्या स्वरूपाची आहे. नियम मोडणारा कर्मचारी त्याच कारणाने गुन्हेगार ठरत नाही. तो गैरवर्तनाचा दोषी ठरतो व विभागीय चौकशीस पात्र होतो.

सशस्त्र दले व पोलीस यांची गोष्ट वेगळी आहे. अनुच्छेद ३३ नुसार त्यांच्या मूलभूत अधिकारांचाच संकोच करण्याची मुभा संसदेला आहे आणि तीनुसार १९६६ साली पोलीस दलांच्या अधिकारांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. पोलीस कर्मचाऱ्याला कामगार संघटनेत सामील होण्यासाठीसुद्धा परवानगी लागते. मुंबईत १८ ऑगस्ट १९८२ रोजी पोलिसांच्या असंतोषाचा उद्रेक झाला, तेव्हा शासनाने तो मोडून काढला व पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली.

मुंबईच्या महालेखापाल कार्यालयातील प्रकरण

ई. एक्स. जोसेफ हे भारत सरकारच्या लेखापरीक्षा व लेखा विभागात मुंबई येथे नोकरीस होते आणि अराजपत्रित कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे पदाधिकारी होते. ही संघटना ज्या अखिल भारतीय संघटनेशी संलग्न होती, तिला केंद्र सरकारने डिसेंबर १९५६ मध्ये मान्यता दिली होती. मे १९५९ मध्ये ती मान्यता काढून घेण्यात आली. संघटनेचे काम मात्र थांबले नाही आणि जोसेफ यांनीही आपले पद सोडले नाही. त्या वेळी केंद्रीय कर्मचाऱ्यांना १९५५ चे वर्तणूक नियम लागू होते. त्यांतील नियम ४(ब) असे सांगत होता की, सरकारची मान्यता नसलेल्या किंवा मान्यता काढून घेतलेल्या सेवासंघटनेत कर्मचाऱ्याने सामील होऊ नये व सभासद म्हणून राहू नये. जून १९६० मध्ये महालेखापालांनी या नियमाच्या भंगाबद्दल जोसेफ यांच्यावर आरोपपत्र बजावले.

याच सुमारास दुसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशींवरून केंद्रीय कर्मचाऱ्यांत असंतोष वाढत होता. महागाई भत्ता राहणीमानाच्या खर्चाशी जोडावा ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. सरकारने जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात अत्यावश्यक सेवा परिरक्षण अध्यादेश काढून संप बेकायदा ठरवला. तरीही ११ जुलै १९६० च्या मध्यरात्रीपासून टपाल, तार, रेल्वे व अन्य खात्यांत संप सुरू झाला आणि १६ जुलैला तो मागे घेण्यात आला. २५ जुलै रोजी जोसेफ यांना दुसरे आरोपपत्र मिळाले. संपासंबंधीच्या निदर्शनांत भाग घेतल्याने व संपाच्या तयारीत सक्रिय राहिल्याने त्यांनी नियम ४(अ) मोडला, असा तो आरोप होता. नियम ४(अ) सेवाशर्तींसंबंधीच्या कोणत्याही निदर्शनात भाग घेण्यास आणि कोणत्याही प्रकारच्या संपास, अशी दोन्ही गोष्टींना एकाच वाक्यात मनाई करत होता.

जोसेफ यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. उच्च न्यायालयाने नियम ४(ब) घटनाबाह्य, पण ४(अ) संपूर्णपणे वैध ठरवला. निकाल अर्धा-अर्धा असल्याने दोन्ही पक्ष सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० ऑक्टोबर १९६२ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने दिलेला निर्णय न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिला. औद्योगिक कायद्यावर असाधारण प्रभुत्व असणारे हे न्यायमूर्ती मूळचे साताऱ्याचे होते.

नियम ४(अ) बाबत न्यायालयाचे काम सोपे झाले होते. त्याच वर्षी २२ फेब्रुवारीला कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात बिहारमधील जवळजवळ तशाच नियमाचा निर्णय लागला होता. निदर्शन हा विचार व्यक्त करण्याचा एक प्रकार आहे. ते शांत असू शकते तसे हिंसकही असू शकते. हिंसक निदर्शनास मनाई करण्याचा अधिकार शासनाला आहे, पण शांत व निरुपद्रवी निदर्शनासही सरसकट मनाई करणारा नियम घटनेशी विसंगत आहे, असे तेथे ठरले होते. दंडाला काळी फीत लावून निमूटपणे काम करणारा कारकून आणि कार्यालयाची मोडतोड करणारा जमाव यांत त्या नियमाने भेदच केला नव्हता. संपाबाबत मात्र न्यायालयाने म्हटले होते की, संपाचा मूलभूत अधिकार नाही, त्यामुळे त्यावरील मनाईला अनुच्छेद १९ ची बाधा येत नाही. जोसेफ प्रकरणात हीच विभागणी कायम झाली. नियमाचा निदर्शनांसंबंधीचा भाग रद्द झाला व संपासंबंधीचा टिकला.

खरा वाद नियम ४(ब) वर होता. सरकारचे म्हणणे असे की, सरकारी नोकरांत शिस्त व कार्यक्षमता राहिली नाही तर सार्वजनिक सुव्यवस्था धोक्यात येईल. म्हणून मान्यता नसलेल्या संघटनेपासून त्यांना दूर ठेवणे सुव्यवस्थेसाठीच आहे. न्यायालयाने हा युक्तिवाद स्वीकारला नाही. निर्बंध आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांचा संबंध निकटचा व प्रत्यक्ष असला पाहिजे. चार-पाच शक्यतांची साखळी जोडून दाखवलेला दूरान्वयाचा संबंध पुरेसा नाही. मान्यता देण्याची वा काढून घेण्याची कारणे अनेक असू शकतात आणि त्यांपैकी बहुतेकांचा सुव्यवस्थेशी काहीच संबंध नसतो. असे असता केवळ मान्यता गेली म्हणून सभासदत्व सोडावयास लावणे म्हणजे संघ बनवण्याचे स्वातंत्र्य सरकारच्या मर्जीवर सोडणे होय. नियम ४(ब) रद्द झाला. जोसेफ यांच्यावरील आरोपांपैकी संपाच्या तयारीसंबंधीचा भाग तेवढा नियमाच्या वैध अंशात बसणारा उरला.

या निर्णयाची छाप १९६४ च्या नियमांवर स्पष्ट दिसते. नियम ६ आता मान्यतेचा उल्लेख करत नाही. ज्या संघटनेची उद्दिष्टे वा कार्ये देशाची सार्वभौमता, एकात्मता, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा नीतिमत्ता यांना बाधक आहेत, तिच्यात सामील होऊ नये, एवढेच तो सांगतो. नियम ७ मध्ये निदर्शने व संप वेगवेगळ्या उपनियमांत आले. निदर्शनांवरील मनाई घटनेतील कारणांपुरती उरली. संप, दबाव किंवा शारीरिक बळजबरी करण्यास वा त्यास चिथावणी देण्यास मात्र विनाअट मनाई आहे.

संप म्हणजे काय, हेही येथे स्पष्ट करावयास हवे. काम सोडून घरी बसणे हाच केवळ संप नव्हे. केंद्राच्या सूचनांनुसार सामूहिक नैमित्तिक रजा, लेखणीबंद, बैठा संप, संथगतीने काम, लाक्षणिक संप, दुसऱ्या संघटनेच्या समर्थनार्थ केलेला सहानुभूतीचा संप आणि जनहितासाठी आवश्यक असलेले जादा काम संगनमताने नाकारणे हे सर्व संपातच मोडते. म्हणूनच संघटना पहिल्या टप्प्यात काळ्या फिती, दुपारच्या सुट्टीतील द्वारसभा किंवा सुट्टीच्या दिवशीचा मोर्चा असे मार्ग योजतात. या मार्गांमुळे कामाचा एक तासही बुडत नाही, म्हणून ते १९६२ च्या रेषेच्या अलीकडे राहतात.

मान्यतेचा अर्थ

मान्यता नसलेल्या संघटनेतही राहता येते, हे ठरल्यावर मान्यतेला काय महत्त्व उरले, असा प्रश्न पडतो. उत्तर असे की, मान्यता ही अस्तित्वासाठी नसून वाटाघाटीसाठी असते. मान्यताप्राप्त संघटनेच्या पत्राला शासन उत्तर देते, तिच्या प्रतिनिधींना भेटीची वेळ मिळते, सभासदांची वर्गणी पगारातून परस्पर कापून घेता येते. केंद्रात १९९३ च्या सेवासंघटना मान्यता नियमांप्रमाणे एखाद्या प्रवर्गातील किमान ३५ टक्के कर्मचारी सभासद असलेल्या संघटनेला मान्यता मिळू शकते. अशी एकच संघटना असल्यास दुसऱ्या क्रमांकाच्या संघटनेला किमान १५ टक्के सभासदत्व असले तरी पुरते. सभासदसंख्येची पडताळणी पगारपत्रकातील वर्गणी-कपातीवरून होते, त्यामुळे फुगवलेल्या यादीचा उपयोग होत नाही. मान्यतेबरोबर अटीही येतात. संघटनेने राजकीय निधी ठेवता कामा नये आणि सेवाविषयक बाबतीत एका विशिष्ट कर्मचाऱ्याची बाजू घेऊ नये. नव्या सभासदांना ही दुसरी अट नेहमीच आश्चर्याची वाटते. आपल्या बदलीसाठी संघटनेकडे येणाऱ्या कर्मचाऱ्याला पदाधिकारी आपुलकीने ऐकून घेतात. पण मान्यताप्राप्त संघटनेच्या नावाने त्यासंबंधीचे पत्र देणे नियमात बसत नाही.

संपाला पर्याय म्हणून केंद्राने १९६६ मध्ये संयुक्त सल्लागार यंत्रणा सुरू केली. वेतन व भत्ते, कामाचे साप्ताहिक तास आणि रजा या तीन विषयांवर सहमती न झाल्यास ते सक्तीच्या लवादाकडे जाऊ शकतात. परंतु व्यक्तिगत प्रकरणे यात येत नाहीत, आणि लवादाच्या निर्णयात संसदेच्या मान्यतेने बदल करण्याची मुभा सरकारकडे राहते. न्यायाधीश नेमायचा आणि अखेरचा शब्द मात्र प्रतिवादीकडेच ठेवायचा, असा या व्यवस्थेवरील आक्षेप निराधार म्हणता येत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या संघटनस्वातंत्र्य व सामूहिक वाटाघाटी यांसंबंधीच्या ८७ व ९८ क्रमांकाच्या अभिसंधींना भारताने अनुसमर्थन दिलेले नाही. त्यामागे सरकारी कर्मचाऱ्यांवरील हेच निर्बंध असल्याचे कारण शासनाकडून दिले जाते.

मनाई मोडल्यास

परिणामांच्या पायऱ्या आहेत आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत.

पहिली पायरी वेतनाची. 'काम नाही, वेतन नाही' हे तत्त्व शिक्षा म्हणून नव्हे तर हिशेब म्हणून लागू होते; त्यासाठी विभागीय चौकशी लागत नाही. कपात किती करावी, यावर मात्र वाद झाले. मुंबईतील बँक ऑफ इंडियाच्या कर्मचाऱ्यांनी २९ डिसेंबर १९७७ रोजी चार तासांचा संप केला आणि नंतर ते कामावर हजर झाले. बँकेने पूर्ण दिवसाचा पगार कापला. बँक कर्मचारी सरकारी कर्मचारी नव्हेत, पण १९९० मध्ये या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेले तत्त्व सर्वत्र उद्‌धृत होते. काही तासांच्या संपाने संपूर्ण दिवसाचे काम विस्कळीत होत असेल, तर संपूर्ण दिवसाचे वेतन नाकारता येते. हा निर्णय न्या. पी. बी. सावंत यांनी लिहिला.

दुसरी पायरी सेवेतील खंडाची. केंद्राच्या मूलभूत नियमांतील नियम १७-अ नुसार संपासारखी संगनमताने केलेली अनधिकृत गैरहजेरी सेवेतील खंड मानता येते. रजा प्रवास सवलत, विभागीय परीक्षेची पात्रता यांसारख्या सलग सेवेवर अवलंबून असलेल्या लाभांवर त्याचा परिणाम होतो. असा आदेश काढण्यापूर्वी कर्मचाऱ्याला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. एका दिवसाचा पगार गेल्याचे दुःख महिनाभर टिकते. सेवाखंडाची नोंद सेवापुस्तकात राहते.

तिसरी पायरी शिस्तभंगाची, म्हणजे निलंबन, चौकशी आणि टोकास बडतर्फी. अनुच्छेद ३११(२) प्रमाणे चौकशी केल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही. पण चौकशी करणे व्यवहारतः शक्य नाही, असे सक्षम प्राधिकाऱ्याने कारणे नोंदवून ठरवले, तर ती टाळण्याची तरतूदही त्याच अनुच्छेदात आहे. चौकशीशिवाय केलेली बडतर्फी १९८५ च्या तुलसीराम पटेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर आली आणि न्यायालयाने या तरतुदीचा वापर मान्य केला.

चौथी पायरी फौजदारी आहे व ती वर्तणूक नियमांतून येत नाही. तिच्यासाठी अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायद्याची गरज असते. १९६० चा अध्यादेश, १९६८ व १९८१ चे केंद्रीय कायदे आणि राज्यांचे स्वतःचे कायदे या मालिकेतील आहेत. नागपूरच्या टपाल व तार खात्यातील एका कर्मचाऱ्याने १९६० च्या अध्यादेशाला आव्हान दिले होते. ते सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले. अशा कायद्याची रचना साधारणतः सारखीच असते. शासन एखाद्या सेवेतील संपाला मनाई करणारा आदेश ठरावीक मुदतीसाठी काढते. आदेश निघाल्यावर संपात भाग घेणे, चिथावणी देणे आणि संपाला पैसा पुरवणे हे गुन्हे ठरतात व कैद अथवा दंडाची शिक्षा होऊ शकते. कायदा अस्तित्वात असणे आणि त्याखाली आदेश निघालेला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वृत्तपत्रांच्या 'मेस्मा लागू' अशा मथळ्यांत हा भेद पुष्कळदा हरवतो. २०१८ च्या मार्चमध्ये अंगणवाडी सेविकांना महाराष्ट्राचा हा कायदा लागू करण्यात आला, तेव्हा विधिमंडळात गदारोळ झाला आणि निर्णयाला स्थगिती द्यावी लागली. मानधनावर काम करणाऱ्या व शासकीय कर्मचाऱ्याचा दर्जा नाकारल्या गेलेल्या स्त्रियांना संपबंदी मात्र शासकीय कर्मचाऱ्यांसारखी, ही विसंगती त्या वेळी अनेकांच्या लक्षात आली.

तामिळनाडू, २००३

या चारही पायऱ्या एकदम कशा वापरल्या जातात, याचे उदाहरण तामिळनाडूत जुलै २००३ मध्ये दिसले. निवृत्तिवेतनादी लाभांतील कपातीविरुद्ध राज्यातील कर्मचारी व शिक्षक संपावर गेले. राज्याने अध्यादेशाद्वारे आपला अत्यावश्यक सेवा कायदा अधिक कडक केला आणि काही दिवसांतच दीड लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांना चौकशीशिवाय बडतर्फ केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर बिनशर्त माफी व पुढे वर्तणूक नियम पाळण्याची हमी घेऊन बहुतेकांना पुन्हा कामावर घेण्याचे राज्याने मान्य केले. अटक झालेल्या किंवा गुन्हा नोंदवलेल्या सुमारे सहा हजार कर्मचाऱ्यांची प्रकरणे उच्च न्यायालयाच्या तीन निवृत्त न्यायाधीशांकडे सोपवण्यात आली.

६ ऑगस्ट २००३ च्या टी. के. रंगराजन प्रकरणातील निर्णयात न्यायालयाने म्हटले की, सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत अधिकार नाही, कायदेशीर नाही, आणि नैतिक वा न्यायबुद्धीचाही नाही. पहिला भाग १९६२ पासूनचाच आहे. दुसरा भाग, जोवर एखादा कायदा असा अधिकार देत नाही तोवर, ओघानेच येतो. तिसऱ्या भागावर मात्र कायदेतज्ज्ञांनी व संघटनांनी तीव्र टीका केली. नैतिक अधिकार आहे की नाही हे ठरवणे त्या खटल्यासाठी आवश्यक नव्हते, आणि अन्यायाविरुद्ध दुसरा परिणामकारक मार्ग उपलब्ध आहे की नाही, याचा विचार केल्याशिवाय ते ठरवताही येत नाही. तरीही शासकीय परिपत्रकांत हेच वाक्य सर्वाधिक वेळा आढळते.

महाराष्ट्रातील व्यवहार

महाराष्ट्रातील १९७७-७८ च्या संपाचे नेतृत्व र. ग. कर्णिक यांनी केले. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या दराने महागाई भत्ता मिळावा, ही मागणी होती. मंत्रालयापासून तालुक्यापर्यंतची कार्यालये ओस पडली. संप वर्तणूक नियमांच्या सरळ विरुद्ध होता, पण लाखो माणसांवर एकाच वेळी विभागीय चौकशी करणे कोणत्याही शासनाला शक्य नसते. संपाच्या कायदेशीरपणाचा प्रश्न अशा वेळी न्यायालयात न सुटता तडजोडीच्या बैठकीत बाजूला ठेवला जातो.

२०२३ चा संप याच पठडीतला होता. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर नेमणूक झालेल्यांना राज्याने अंशदायी निवृत्तिवेतन योजना लागू केली होती. या योजनेत निवृत्तिवेतनाची रक्कम जमा निधीवर व बाजारावर अवलंबून असते. जुन्या योजनेत ती शेवटच्या वेतनाशी बांधलेली होती. जुनी योजना पुन्हा सुरू करावी यासाठी सरकारी, निमसरकारी कर्मचारी व शिक्षक संघटनांच्या समन्वय समितीने १४ मार्चपासून बेमुदत संप पुकारला. त्याच दिवशी विधानसभेने महाराष्ट्र अत्यावश्यक सेवा परिरक्षण विधेयक संमत केले, कारण आधीच्या कायद्याची मुदत संपली होती. रुग्णालयांत शस्त्रक्रिया खोळंबल्या, शाळा बंद राहिल्या, पंचनामे रखडले. त्या आठवड्यात अवकाळी पावसाने पिकांचे नुकसान झाले होते आणि पंचनामा करणारे कर्मचारी संपावर होते. संपबंदीच्या समर्थकांचा सर्वांत भक्कम मुद्दा असाच असतो: खासगी कारखान्यातील संपात तोटा मालकाचा होतो, शासकीय संपात तो अशा माणसाचा होतो, ज्याचा त्या वादाशी काही संबंध नाही आणि ज्याला दुसऱ्या दुकानात जाता येत नाही.

२० मार्चला मुख्यमंत्र्यांशी झालेल्या चर्चेनंतर संप मागे घेण्यात आला. निवृत्तिवेतनाच्या अभ्यासासाठी निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमण्यात आली होती; तिच्या अहवालाआधारे आर्थिक व सामाजिक सुरक्षा देण्याचे आश्वासन मिळाले. पुढे २०२४ मध्ये शेवटच्या वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी देणारी सुधारित योजना शासनाने जाहीर केली. जुनी योजना जशीच्या तशी परत आली नाही.

संप मिटवताना जवळजवळ प्रत्येक वेळी एक मागणी असते: संपाचे दिवस रजेत रूपांतरित करावेत व कोणावरही कारवाई होऊ नये. असाधारण रजा मिळाली, तर पगार जातो पण सेवेत खंड पडत नाही. अर्जित रजा मिळाली, तर पगारही वाचतो, फक्त खात्यावरील रजा कमी होते. संपाचा निकाल काय लागला हे जाणून घ्यावयाचे असल्यास नेत्यांच्या भाषणांपेक्षा या एका ओळीचा शासन निर्णय अधिक उपयोगी पडतो.

कोण सरकारी कर्मचारी नव्हे

महामंडळे, वीज कंपन्या, परिवहन उपक्रम यांतील कामगारांना वरील वर्तणूक नियम लागू नसतात. त्यांचा संप औद्योगिक कायद्याने नियंत्रित होतो, म्हणजे मुळात बेकायदा नसून अटींच्या अधीन असतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाप्रमाणे लोकोपयोगी सेवेत संपापूर्वी नोटीस द्यावी लागे, नोटिशीनंतर १४ दिवस थांबावे लागे आणि समेटाची कार्यवाही चालू असताना संप करता येत नसे. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने नोटिशीची अट सर्वच औद्योगिक आस्थापनांना लागू केली, आणि निम्म्या वा अधिक कामगारांनी एकाच दिवशी घेतलेली नैमित्तिक रजा संप मानली. महाराष्ट्रात १९७१ च्या कामगार संघांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांस प्रतिबंध करण्याबाबतच्या अधिनियमामुळे संप बेकायदा असल्याचे घोषित करून घेण्यासाठी मालकाला कामगार न्यायालयात जावे लागे.

राज्य परिवहन महामंडळाच्या कर्मचाऱ्यांचा २०२१-२२ चा संप या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करून आपल्याला शासकीय कर्मचारी मानावे, ही त्यांची मुख्य मागणी होती. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला हा संप महिनोन्‌महिने चालला. ७ एप्रिल २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर हजर होण्यास सांगितले. विलीनीकरण झाले नाही. ते झाले असते, तर वेतनाची शाश्वती आली असती. परंतु ज्या साधनाने ही मागणी लढवली गेली, ते साधन त्याच दिवशी त्यांच्या हातून गेले असते.